‘सर्वांगीण’ म्हणजे किती फूट?

सुलतानपूरच्या एका अंगाला लोणारचे सरोवर आहे आणि मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. २०२० साली सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. तेव्हापासून या टापूवर ‘जागतिक दर्जा’, ‘कायापालट’, ‘विकासाचे नवे पर्व’ अशा शब्दांची वृष्टी चालू आहे. महामार्गाचे तर नावच समृद्धी असल्यामुळे समृद्धी आली की नाही हे विचारण्याची सोयही राहिलेली नाही. मंत्रालयातून निघालेले हे शब्द जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या पायऱ्या उतरत शेवटी ग्रामपंचायतीच्या कागदावर येऊन बसतात. त्या कागदाचे नाव ग्रामपंचायत विकास आराखडा. आमच्या कार्यकर्त्यांनी तो हातात घेऊन एकेक वाक्य तपासावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

राज्यघटनेच्या २४३-छ या कलमाने पंचायतींनी आर्थिक विकासाच्या व सामाजिक न्यायाच्या योजना तयार कराव्यात असे सांगितले आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली हे आराखडे होऊ लागले. मसुदा ग्रामसभेपुढे यावा, लोकांनी तो दुरुस्त करावा आणि मग मंजूर करावा अशी रीत आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मसुदा वाचला जातो तो इतक्या घाईने आणि इतक्या जड भाषेत, की ऐकणाऱ्याला विरोध कशाला करावा हेच उमगत नाही. ‘गावाच्या सर्वांगीण विकासास चालना देण्यात येईल’ या वाक्याला हात वर करून विरोध कोण करणार? पण ज्या वाक्याला विरोध करता येत नाही, त्याचा जाबही विचारता येत नाही. वर्ष संपल्यावर ‘चालना दिली’ एवढे म्हणून सुटका होते. शब्दांची ही मोघमता सत्तेच्या सोयीची असते आणि तिची किंमत गावकुसाबाहेरची वस्ती मोजते.

म्हणून एक मसुदा घेऊन त्याची दुरुस्ती करून पाहू. पुढील वाक्ये कोणत्याही एका ग्रामपंचायतीची नाहीत. अशा मसुद्यांत जी घडण वारंवार आढळते, तिच्यावरून ती आम्ही नमुन्यादाखल रचली आहेत आणि त्यांतील घरांचे व मापांचे आकडेही समजुतीपुरते आहेत. कार्यकर्त्याने त्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत.

पहिले वाक्य पाण्याचे घेऊ: ‘जलसमृद्ध गाव या संकल्पनेअंतर्गत सर्व कुटुंबांना शाश्वत, शुद्ध व मुबलक पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने करण्यात येईल.’

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे पेन्सिल घेऊन एकेक शब्द झाकून पाहणे. ‘जलसमृद्ध गाव या संकल्पनेअंतर्गत’ एवढे झाका. वाक्याने दिलेले आश्वासन तिळमात्र कमी झाले नाही, म्हणून ते खोडावे. मग उरलेल्या विशेषणांना दुसरी कसोटी लावावी: याच्या उलट कोणी लिहिले असते काय? ‘अशुद्ध व तुटपुंजा पाणीपुरवठा करू’ असे कोणतीही ग्रामपंचायत लिहिणार नाही. तेव्हा ‘शुद्ध’ आणि ‘मुबलक’ हे शब्द आज काहीच सांगत नाहीत. पण ते नुसते खोडून टाकणे ही चूक होईल, कारण त्यांच्या मागे लोकांची खरी गरज उभी आहे. त्यांच्या जागी माप बसवले पाहिजे.

‘मुबलक’चे माप आपल्याला शोधत बसावे लागत नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर लागले. समजा, नळ दर चौथ्या दिवशी येतो. मग एका पाळीत त्या घराला ११०० लिटर, म्हणजे २०० लिटरची साडेपाच पिंपे भरून मिळाली पाहिजेत. आता ताडून पाहण्यासाठी अभियंता नको, १५ लिटरची एक बादली आणि घड्याळ पुरे. बादली एका मिनिटात भरते आणि नळ एक तास चालतो, तर घरात ९०० लिटर आले. पाच माणसे आणि चार दिवस, म्हणजे वीस वाटे झाले. वाट्याला ४५ लिटर आले, ५५ नव्हे. एवढा हिशेब शाळकरी मूलही ग्रामसभेत मांडू शकेल, आणि त्याला उत्तर द्यावेच लागेल. ‘मुबलक’ या शब्दाला असे उत्तर कधीच द्यावे लागले नव्हते.

‘शुद्ध’चेही तसेच आहे. जलसुरक्षक पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकतो. ती पुरेशी पडली की नाही हे टाकीजवळ कळत नाही, जलवाहिनीच्या शेवटच्या नळावर कळते. तेथे ओ.टी. चाचणी केली आणि पाण्याला पिवळा रंग आला नाही, तर क्लोरिन वाटेतच संपला असे समजावे. प्रमाण आहे ते दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेल्या क्लोरिनचे. म्हणून वाक्य असे व्हावे: ‘जलसुरक्षक दर आठवड्याला प्रत्येक प्रभागातील शेवटच्या नळावर ओ.टी. चाचणी करील व नोंदवही ग्रामपंचायत कार्यालयात कोणालाही पाहण्यास ठेवील.’ ही चाचणी क्लोरिनपुरतीच आहे, क्षार किंवा फ्लोराइड तिने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तेव्हा नमुना कोणत्या महिन्यात पाठवला जाईल हेही लिहून घ्यावे.

‘शाश्वत’ हा शब्द अलीकडे प्रत्येक ओळीत भेटतो. या मुलखात काळ्या पाषाणाखाली पाणी थोडे साठते, आणि विहिरीची परीक्षा श्रावणात होत नसते, ती मे महिन्यात होते. म्हणून ‘शाश्वत’च्या जागी लिहावे: ‘मे महिन्यात दोन पाळ्यांमध्ये चार दिवसांहून अधिक अंतर पडणार नाही.’ अंतर पडले, तर वाक्य खोटे ठरले. खोटे ठरण्याची सोय असणे हाच त्या वाक्याचा गुण आहे.

आता उरला ‘सर्व कुटुंबांना’ हा शब्दप्रयोग. हा सर्वांत साळसूद दिसतो आणि सर्वांत अधिक लपवतो. समजा, एका प्रभागात २१२ घरे आहेत आणि १७१ घरांत नळ आहे. ‘८१ टक्के कुटुंबांना नळजोडणी’ असे लिहिले तर ते खरे आहे, आकड्यात आहे आणि ताडूनही पाहता येते. परंतु उरलेल्या ४१ घरांची यादी वाचली आणि त्यांतील २९ घरे एकाच वस्तीतील निघाली, तर चित्र पालटते. त्या वस्तीत एकूण ३५ घरे असतील, तर तेथे केवळ सहा घरांत नळ आहे. गावच्या ८१ टक्क्यांत त्या वस्तीचे १७ टक्के बुडून गेले. म्हणून ‘सर्व’ या शब्दाच्या जागी नेहमी राहिलेल्यांची यादी मागावी. घरपट्टीच्या आकारणीचा नमुना ८ ग्रामपंचायतीत असतोच. मात्र ज्यांच्या घराची नोंदच झाली नाही, अशी अतिक्रमित जागेवरची पाले आणि झोपड्या त्यातही नसतात. तेवढी पायी फिरूनच मोजावी लागतात.

याच संदर्भात एक भेद कार्यकर्त्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. ‘हर घर जल’ गाव म्हणून नोंद होणे वेगळे आणि तसे प्रमाणित होणे वेगळे. नोंद होते ती वरून आलेल्या अहवालावर. प्रमाणित होण्यासाठी मात्र प्रत्येक घराला पाणी मिळत असल्याचा ठराव ग्रामसभेने करावा लागतो. ज्या गावाने यादी न वाचता तो ठराव केला, त्या गावाने आपलाच आवाज दुसऱ्याच्या हवाली केला असे म्हणावे लागेल.

शेवटी राहिले ‘टप्प्याटप्प्याने करण्यात येईल’. आपल्या कारभारी मराठीतील कर्मणी प्रयोग हे पळवाटेचे हुकमी दार आहे. ‘करण्यात येईल’, ‘राबविण्यात येईल’, ‘प्रयत्न केले जातील’ या वाक्यांत कर्ताच नाही. करणारा नसेल तर न करणाराही नसतो. ‘टप्प्याटप्प्याने’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ आणि ‘इत्यादी’ ही त्या दाराची चार कुलपे, आणि चारही किल्ल्या कचेरीच्या खिशात. दुरुस्ती करताना प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा, तारीख द्यावी आणि पैसा कोठून येणार ते लिहावे. निधीचे नाव लिहिणे ही शोभा नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. त्यामुळे त्या पैशातून रस्ता दाखवणारे वाक्य निधीच्या नावावरूनच चुकीचे ठरत होते. नाव लिहिले नसते, तर ती चूक कोणाला दिसलीही नसती.

इतके झाल्यावर मूळ वाक्याचा असा मसुदा होतो: ‘प्रभागातील नळ नसलेल्या ४१ घरांची यादी सोबत जोडली आहे. त्यांपैकी वस्तीतील २९ घरांना ग्रामपंचायत ३१ डिसेंबरपूर्वी आणि उरलेल्या १२ घरांना ३१ मार्चपूर्वी बंधित निधीतून नळ देईल. प्रत्येक पाळीत पाच माणसांच्या घराला किमान ११०० लिटर पाणी मिळेल. मे महिन्यात दोन पाळ्यांमध्ये चार दिवसांहून अधिक अंतर पडणार नाही.’ यात एकही भारदस्त शब्द नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, पण ज्याच्या घरी नळ नाही त्याला येणार नाही.

दुसरे वाक्य रस्त्याचे घेऊ, कारण पैसा जिरतो तो मुख्यतः तेथे: ‘अंतर्गत रस्त्यांचे दर्जेदार काँक्रिटीकरण करण्यात येईल.’ येथे कोठून कोठपर्यंत, किती लांब, किती रुंद आणि किती जाड एवढे चार प्रश्न आहेत. समजा, रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. गावच्या भाषेत दहा फूट रुंद आणि सहा इंच जाड. काँक्रीट लागले ४५ घनमीटर. जाडी चार इंचांवर, म्हणजे १० सेंटिमीटरवर आणली, तर ३० घनमीटरच लागते. वरून दोन्ही रस्ते सारखेच ‘दर्जेदार’ दिसतात, पण एक तृतीयांश माल कोठे गेला ते पहिला पावसाळा सांगतो.

जाडी आराखड्यात लिहिलेली असली की ती मोजता येते. पण ती मोजायची केव्हा हेही ठाऊक पाहिजे. काम झाल्यावर कडेला पट्टी लावून मोजणारा फसतो, कारण कडेला सहा इंच भरतात आणि मध्ये मुरमाचा उंचवटा तसाच ठेवलेला असतो. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या साच्यांच्या वरच्या कडांवर आडवी दोरी ताणावी आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंतची खोली मध्यभागी चार-पाच ठिकाणी मोजावी. आराखड्यातील वाक्यालाच एवढे जोडून घ्यावे: ‘काँक्रीट टाकण्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायत दवंडी देईल आणि रहिवाशांसमक्ष जाडी मोजून मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहील.’

या सर्व खटाटोपाने काय साधते, असा प्रश्न आमचे काही मित्र विचारतील. त्याला उत्तर इतिहासात आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यापूर्वी बेकारी निवारणाच्या घोषणा थोड्या झाल्या नव्हत्या. कायद्याचे बळ होते ते काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते मिळाले पाहिजे आणि न मिळाल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे या वाक्यात. पंधरावा दिवस कोणता हे निरक्षर मजुरालाही मोजता येत होते, म्हणून तहसील कचेरीवरच्या मोर्चाला मागणीपलीकडे हक्काचे अधिष्ठान मिळाले. पुढे डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तेथे हजेरीपटावरील नावे लोकांपुढे मोठ्याने वाचली गेली. न झालेली कामे आणि कामावर न गेलेल्या माणसांची मजुरी त्यातून उजेडात आली. हे शक्य झाले कारण हजेरीपटात नाव, दिवस आणि रक्कम होती. ‘ग्रामीण सक्षमीकरणावर खर्च’ एवढेच लिहिलेले असते, तर मोठ्याने वाचूनही कोणाला काही सापडले नसते. माहितीच्या अधिकाराचेही तेच आहे. कागदावर जे लिहिलेलेच नाही, ते अर्ज करून मिळत नाही.

तथापि या पद्धतीच्या मर्यादा न सांगता थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिली गोष्ट, आकडा म्हणजे सत्य नव्हे. ‘कुपोषण ३७.५ टक्क्यांनी घटवू’ हे वाक्य ‘कुपोषणमुक्त गाव’ यापेक्षा वाईट आहे, जर आज किती बालके कमी वजनाची आहेत याची मोजणीच झालेली नसेल. आरंभीचा आकडा आणि तो कोणत्या नोंदवहीतून घेतला हे नसेल, तर टक्केवारी हा नुसता नवा अलंकार होय. दुसरी गोष्ट, जे ग्रामपंचायतीच्या हाती नाही त्याचे वचन तिच्याकडून लिहून घेऊ नये. आरोग्य उपकेंद्रात परिचारिका नेमणे ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही. तेथे खरे वाक्य असे: ‘ग्रामपंचायत रिक्त पदाविषयी ठराव करून १५ दिवसांत जिल्हा परिषदेकडे पाठवील आणि पोच पुढील ग्रामसभेत वाचून दाखवील.’ हे लहान वाटते, पण ते पाळले की नाही हे कळते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ताडून पाहता येणारे वाक्य न्याय्य असतेच असे नाही. पुढाऱ्याच्या दारापर्यंतचा रस्ता मीटर आणि सेंटिमीटरसह अचूक लिहिता येतो. म्हणून मोजमापाआधी अग्रक्रमाचा वाद ग्रामसभेत झालाच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. ‘समाजातील दुर्बल घटकांना न्याय’ या वाक्याखाली ही रक्कम दडपली जाते. गेल्या वर्षी उत्पन्न किती, त्याचे १५ टक्के किती, खर्च किती आणि शिल्लक किती, हे चार आकडे लिहिले की न्यायाची गोष्ट भाषणातून हिशेबात येते. आराखड्याचा हेतू सांगणारे एखादे उदात्त वाक्य आरंभी राहिले तर आमची हरकत नाही. पण त्याच्या नावावर एक पैसाही खर्ची पडू नये.

आता थोडे आपल्याकडे वळू. परक्याच्या मसुद्यावर पेन्सिल चालवणाऱ्याने आपल्या ठरावांवरही ती चालवली पाहिजे. ‘व्यापक जनआंदोलन उभारण्याचा निर्धार’, ‘संघटना बळकट करण्यावर भर’, ‘शोषित-पीडितांच्या लढ्यास सक्रिय पाठिंबा’ ही वाक्ये आपण वर्षानुवर्षे मंजूर करीत आलो आहोत. त्यांच्याही उलट कोणी लिहिणार नाही, त्यांतही कर्ता आणि तारीख नसते, आणि म्हणूनच पुढच्या अधिवेशनात ती तशीच पुन्हा मंजूर होतात. कोणता कार्यकर्ता कोणत्या गावांत किती घरी जाऊन कोणती यादी केव्हापर्यंत आणणार, हे जोवर आपण लिहीत नाही, तोवर सरकारी भाषेवरची आपली टीका अर्धवट आहे.

ग्रामसभेपूर्वी मसुद्याची प्रत मागून घ्यावी. चार जणांनी बसून तो मोठ्याने वाचावा, त्यांत ज्या वस्तीबद्दल तो लिहिला आहे तेथील एक बाई अवश्य असावी. प्रत्येक वाक्यापाशी थांबून तिला विचारावे की, हे झाले नाही तर तुम्हांला ते कशावरून कळेल? तिला सांगता आले, तर वाक्य ठेवावे. सांगता आले नाही, तर तेथेच दुरुस्ती लिहावी आणि ती ग्रामसभेत मांडून प्रोसिडिंग बुकात शब्दशः नोंदवून घ्यावी. १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर असली की सभेची गणपूर्ती होते. सुलतानपूरसारख्या गावात शंभर माणसे जमवणे आपल्या कार्यकर्त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते त्या शंभरांच्या हाती मोजता येईल असे एक वाक्य देणे. येत्या ग्रामसभेपर्यंत पाण्याचे तेवढे एक वाक्य तरी दुरुस्त करून घ्यावे, आणि मे महिन्यात बादली व घड्याळ घेऊन त्याच नळावर जावे.